माहेरी बरी, सासरी खंगली

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात माणूस वाळत चालला की लोक चार गोष्टी बोलतात. कुणी म्हणतो, "टीबी असंल." कुणी म्हणतो, "नजर लागली." बाई असली तर हळूच म्हणतात, "सासुरवास असंल हो." माणूस पोटभर जेवत असतो, तरी अंगाला लागत नाही. तेव्हा घरचेही गोंधळतात. आज आपण अशाच एका बाईची गोष्ट वाचू. ही गोष्ट आम्ही धडा समजावा म्हणून रचली आहे. पण तिच्यात जे जे घडते, ते गावोगावी खरेच घडते.

तिचे काय झाले

घाटंजीकडच्या एका गावची ही मुलगी. दारव्ह्याकडे दिली. लग्नात तिचे वजन 46 किलो होते. सासरची माणसे चांगली. ताटात वाढताना कुणी हात आखडता घेत नव्हते. पण सहा महिन्यांनी तिला पातळ संडास सुरू झाली. दिवसातून तीन-चार वेळा जावे लागे. पोट फुगायचे, गुडगुडायचे.

दवाखान्यातून गोळ्या आणल्या. चार दिवस बरे वाटले, पुन्हा तेच. असे दीड वर्ष चालले. वजन 37 किलोवर आले. चालताना धाप लागायची. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 7 निघाले. बाईला ते निदान 12 तरी हवे. लोहाच्या लाल गोळ्या दिल्या. तिने शंभर दिवस एकही न चुकवता खाल्ल्या. पुन्हा रक्त तपासले, तर 7 चे 7.3 झाले होते. मधे दिवस गेले, पण तिसऱ्या महिन्यात पोट पडले.

छातीचा फोटो झाला, थुंकी तपासली, टीबी नाही. साखर नाही. जंताचे औषधही दोनदा झाले. मग आई येऊन तिला माहेरी घेऊन गेली.

माहेरी नवलच झाले. तिसऱ्या आठवड्यापासून संडास बांधून होऊ लागली. तीन महिन्यांत वजन 40 किलो झाले. तोंडावर तेज आले. मग सासरी परत आली. महिना होतो न होतो, तोच पुन्हा पातळ संडास सुरू.

आता तोंडे उघडली. तिची आई म्हणाली, "माह्या पोरीले तिथं खायले देत नाही." सासू रडकुंडीला आली. म्हणाली, "देवाची आण, माह्या लेकीपेक्षा जास्त जीव लावतो मी तिले." दोन्ही घरांत बोलणे बंद झाले. सोडचिठ्ठीची भाषा निघाली.

आशाताईंनी विचारलेला प्रश्न

गावच्या आशाताई वजन करायला आल्या होत्या. त्यांनी वेगळाच प्रश्न केला. "बाई, माहेरी तू काय खात होतीस? सकाळपासून सांग."

ती म्हणाली, "सकाळी चहा. मग ज्वारीची भाकर अन् वरण. संध्याकाळी भाकर, नाहीतर ज्वारीच्या कण्या. कधी भात."

"आणि इथं?"

"इथं दोन्ही वेळा पोळी. सकाळी चहासंग बिस्किटं. कधी रव्याचा उपमा."

इथे भांडण संपते आणि धडा सुरू होतो. माहेरी अजून ज्वारी पेरत होते. सासरी सगळे शेत कापूस-सोयाबीनला लागले होते, म्हणून रेशनचा गहू हेच रोजचे अन्न होते. तिला सासर बाधत नव्हते. तिला गहू बाधत होता.

गव्हात असे काय आहे?

हे घरी करून पाहा. गव्हाच्या कणकेचा लिंबाएवढा गोळा भिजवा. अर्धा तास ठेवा. मग तो पाण्याच्या भांड्यात धरून हळूहळू चोळा. पांढरे पाणी निघून जाईल. शेवटी हातात एक चिवट, रबरासारखा गोळा उरेल. ओढला तर ताणतो, सोडला तर आखडतो. याचे नाव ग्लूटेन.

ग्लूटेनमुळेच पोळी मोठी लाटता येते आणि पुरणपोळी फाटत नाही. ज्वारीच्या पिठात हे नसते. म्हणून तर भाकरीला गरम पाणी लागते, ती थापावी लागते आणि कडेला चिरते. ज्वारीचा गोळा पाण्यात चोळला तर हातात काहीच उरत नाही.

बहुतेक माणसांना ग्लूटेन मुळीच बाधत नाही. पण काहींचे शरीर त्याला शत्रू समजते. त्याच्याशी लढता लढता ते स्वतःच्याच आतड्यावर वार करते. या रोगाला सिलिॲक रोग म्हणतात. तो जंतूने होत नाही, म्हणून एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्याची प्रवृत्ती जन्मतःच रक्तात असते. मात्र रोग लहानपणी दिसेल किंवा चाळिशीतही दिसेल.

धूप झालेले शेत

आपले लहान आतडे वीस फुटांच्या आसपास लांब असते. त्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नातला कस ही लव शोषून घेते आणि रक्तात पोचवते. सिलिॲक रोगात ही लव झडते. आतडे आतून सपाट होते.

डोंगरउताराचे शेत डोळ्यांपुढे आणा. वरची माती वाहून गेली, खाली मुरूम उघडा पडला. मग पाऊस कितीही पडो, पाणी मुरत नाही. वरच्या वर वाहून जाते. या बाईच्या पोटात तेच झाले होते. जेवण पोटात जात होते, पण मुरत नव्हते.

लव सगळ्यांत आधी आतड्याच्या सुरुवातीच्या भागात झडते. लोह शोषण्याची जागा तीच. म्हणून शंभर गोळ्या खाऊनही रक्त वाढले नाही. एरवी गोळ्या नीट खाल्ल्या की महिन्याला हिमोग्लोबिन निदान एकाने तरी वाढते. तसे वाढले नाही, तर गोळ्या खाल्ल्या नाहीत असे म्हणून बाईवर रागावू नका. गोळी मुरते की नाही, हे विचारा.

न मुरलेले तूप-तेल संडासवाटे जाते. मग संडास फिकट, भरपूर, फेसाळ आणि फार घाण वासाची होते. भांड्याला चिकटते, पाण्याने लवकर जात नाही. लाज न बाळगता हे डॉक्टरांना सांगावे. यातच खूण आहे. पण एक ध्यानात ठेवा. काही जणांना संडास पातळ होतच नाही. नुसते रक्त कमी असते, हाडे दुखतात, किंवा मुलाची उंची वाढत नाही.

हे कळले कसे?

फार जुनी गोष्ट नाही. युरोपात हॉलंड नावाचा देश आहे. तिथे डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. पोट फुगलेली, हातपाय काडीसारखे झालेली मुले त्यांच्याकडे येत. गव्हाच्या पावाने ही मुले बिघडतात, असा त्यांना आधीपासून संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे त्या देशात दुष्काळ पडला. पाव मिळेना. बाकीचे लोक उपाशी, पण ही मुले मात्र सावरली. पुढे पाव मिळू लागला आणि ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी मुलांचे खाणे बदलून पाहिले आणि 1950 मध्ये आपले काम लिहून प्रसिद्ध केले. आपल्या गोष्टीतल्या बाईचे माहेर आणि त्या मुलांचा दुष्काळ, दोन्हींनी एकच गोष्ट दाखवली.

आपल्या देशात पंजाब-हरियाणाकडे लोक रोज गहू खातात. तिकडे शंभरात साधारण एकाला हा रोग सापडला. दक्षिणेत भात खाणाऱ्या भागात तो हजारात एखाद्यालाच सापडला. आपला मुलूख मूळचा ज्वारीचा. म्हणून इकडे हा रोग चटकन कुणाच्या मनात येत नाही.

थांबा! गहू लगेच सोडू नका

आशाताईंचे बोलणे ऐकून सासू म्हणाली, "मंग आजपासून पोळी बंद." आशाताई म्हणाल्या, "नाही मावशी. आधी तपासणी."

असे का? तपासणीत रक्तातली आणि आतड्यातली लढाईची खूण पाहतात. गहू सोडला की लढाई थांबते आणि खूण पुसली जाते. मग रोग असूनही तपासणी साफ येते. माहेरून आल्याआल्या हिची तपासणी केली असती, तर ती फसण्याचा संभव होता. गहू सोडून बरेच दिवस झाले असतील, तर डॉक्टर रोज दोन-एक पोळ्या सहा-आठ आठवडे खायला सांगतात आणि मग तपासतात. हे डॉक्टरांना विचारूनच करावे. त्रास फार झाला तर तसे त्यांना लगेच सांगावे.

तपासण्या दोन. पहिली रक्ताची. तिला टीटीजी म्हणतात. दुसरी दुर्बिणीची. रात्रभर उपाशी राहून जावे लागते. तोंडातून बारीक नळी आत घालतात आणि आतड्याचे तांदळाच्या कणीएवढे चार-सहा तुकडे काढतात. त्याने आतड्याला मोठी जखम होत नाही. थोडे मळमळते. काम काही मिनिटांत होते. तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की लव उभी आहे की झडली, ते कळते.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात या तपासण्या होत नाहीत. तिथून चिठ्ठी घेऊन यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. सेवाग्राम आणि नागपूर इथेही मोठी रुग्णालये आहेत. जाताना आधीचे सगळे कागद आणि वजनाच्या नोंदी बरोबर न्याव्यात.

बाईची रक्ताची तपासणी रोगाची निघाली. दुर्बिणीतही लव झडलेली दिसली.

प्रत्येक वेळी गहूच नसतो

इथे घाई करू नका. लांबलेल्या हगवणीची आणि वजन उतरण्याची दुसरीही कारणे आहेत. आपल्याकडे ती सिलिॲकपेक्षा जास्त आढळतात.

आतड्याचा टीबी होतो. त्यात संध्याकाळी बारीक ताप येतो, पोटात कळ येते, भूक मरते. छाती साफ असली तरी टीबी पोटात असू शकतो. जियार्डिया नावाचा जंतू घाणेरड्या पाण्यातून येतो आणि अशीच चिकट, घाण वासाची हगवण लावतो. तो औषधाने जातो. काहींना मोठेपणी दूध पचत नाही. त्यांना दूध प्याले की पोट फुगते आणि संडास होते, पण एवढ्याने कुणी फारसे वाळत नाही.

आणखी एक रोग आहे, स्प्रू. यातही लव झडते, पण गव्हामुळे नाही. 1960 नंतरच्या दोन-तीन वर्षांत तमिळनाडूत वेल्लूरजवळच्या खेड्यांत तो साथीसारखा आला होता. त्यावर जंतुनाशक औषध आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या काही महिने देतात. म्हणजे बाहेरून रोग सारखे दिसतात, उपाय मात्र अगदी वेगळे. म्हणून अंदाजाने गहू सोडणे चूक, आणि अंदाजाने टीबीची औषधे घेणेही चूक.

औषध म्हणजे भाकर

डॉक्टरांनी बाईला सांगितले, "या रोगावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू जन्मभर बंद. हेच औषध." त्यांनी लोह, फोलिक ॲसिड आणि कॅल्शियम दिले. लव सुधारेपर्यंत काही आठवडे दूध कमी प्यायला सांगितले.

सासूने कपाळाला हात लावला. "मंग हिनं खावं काय?"

डॉक्टर हसून म्हणाले, "तुमच्या आजीनं काय खाल्लं? तेच."

ज्वारी चालते. बाजरी, मका, नाचणी, तांदूळ चालतात. तूर, मूग, चणा, उडीद, सगळ्या डाळी चालतात. भाजी, फळे, अंडी, मटण, शेंगदाणे, तेल, तूप चालते. भाकर-झुणका, वरण-भात, कण्या, आंबील, हे सगळे तिचेच अन्न.

गहू आणि जव चालत नाहीत. गहू नुसत्या पोळीत नसतो. तो रव्यात, मैद्यात, शेवयांत, कुरड्यांत, लापशीत, रोडग्यांत, बिस्किटांत आणि पावात असतो. सातूच्या पिठात असतो. कुरडईसाठी चीक काढला तरी त्यात ग्लूटेन राहतेच. आणि बाजारच्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. डबीवर काय काय घातले आहे, ते लिहिलेले असते. आता आपल्याला वाचता येते. म्हणून आधी डबी वाचा.

चक्कीवर झालेली चूक

दोन महिने बरे गेले. मग पुन्हा पोट बिघडले. बाई शपथ घेऊन सांगे, "पोळीचा तुकडाही खाल्ला नाही." ती खरेच बोलत होती.

चूक चक्कीवर होती. तिची ज्वारी गव्हाच्या दळणानंतर लगेच दळली जात होती. जात्याच्या दगडांत आणि चक्कीच्या पोटात गव्हाचे पीठ राहते. ते तिच्या पिठात उतरत होते. या रोगात पोळीचा नखाएवढा तुकडा रोज पोटात गेला तरी लव झडत राहते.

सासूने माळ्यावरचे जुने जाते काढले. घासून, धुऊन, वाळवून घेतले. आधी दोन-तीन पायल्या ज्वारी त्यावर दळून ते पीठ घरातल्या इतरांना दिले. मग हिचे दळण सुरू केले. जाते नसेल, तर आपले धान्य दळणारी वेगळी घरगुती चक्की घ्यावी. तेही जमत नसेल, तर निदान ज्वारीच्या बऱ्याच दळणांनंतर आपला नंबर लावावा. पण त्यात धोका थोडा राहतोच.

घरात आणखी दोन बदल केले. तिची परात, तवा आणि पिठाचा डबा वेगळा केला. भाकर आधी आणि पोळ्या नंतर, असा नेम ठेवला. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे काही तळायचे नाही, हेही ठरले. लग्नाच्या पंगतीला जाताना ती घरून भाकर बांधून नेते. पहिल्यांदा लोक हसले. आता यजमानच तिच्यासाठी साधा भात बाजूला काढून ठेवतो.

वर्षाने

संडास तीन आठवड्यांत थांबली. वजन मात्र हळूहळू वाढले. वर्षाने ते 45 किलो झाले. हिमोग्लोबिन 11.8 झाले. लोहाच्या त्याच लाल गोळ्या आता लागू पडल्या. लव पुरती उगवायला मोठ्या माणसाला एक-दोन वर्षेही लागतात. बरे वाटले म्हणून पोळी सुरू केली, तर ती पुन्हा झडते.

डॉक्टरांनी तिच्या आई-वडिलांना आणि भावंडांनाही रक्त तपासायला सांगितले होते. रोग्याच्या सख्ख्या नात्यात दहा-पंधरांत एखाद्याला हा रोग निघतो. तिचा धाकटा भाऊ तेरा वर्षांचा, पण नऊचा दिसायचा. सगळे म्हणत, "बापावर गेला, ठेंगणाच राहणार." त्याचीही तपासणी तशीच निघाली. माहेरी भाकर होती, तरी शाळेच्या वाटेवर तो रोज बिस्किटाचा पुडा खात होता.

घरातल्या बाकीच्यांनी गहू सोडला नाही. सोडायचे कारणही नाही. ज्याला बाधतो, त्याच्यासाठीच तो वाईट.

दोन्ही घरे आता बोलतात. यंदा सासऱ्याने बांधाकडच्या एक एकरात ज्वारी पेरली आहे. पाखरे राखायला सासू स्वतः मचाणावर बसते.

सांगा पाहू

1. शंभर दिवस लोहाच्या गोळ्या खाऊनही बाईचे रक्त का वाढले नाही?
2. तपासणीच्या आधी गहू का सोडू नये?
3. भाकर खाऊनही तिचे पोट पुन्हा का बिघडले?
4. तुमच्या घरातल्या हिंगाच्या डबीवर काय लिहिले आहे? वाचून दाखवा.
5. तुमच्या ओळखीत चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस पातळ संडास होणारे कुणी आहे का? सहा महिन्यांत 50 किलोच्या माणसाचे अडीच किलो वजन आपोआप उतरले आहे का? असेल तर त्यांना हा धडा वाचून दाखवा, आणि त्यांच्याबरोबर आरोग्य केंद्रात जा.